दुसऱ्या पाण्यानंतर विचारा: खूश गिऱ्हाइकाचे चार शब्द आणि त्यांची पोस्ट

आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. जळालेली मोटर आमचे हे भरून देतात. बिल, उधारीची वही आणि दुकानाचा फोन माझ्याकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस टाकायला लागले तेव्हा पहिल्या महिन्यात मी हिरव्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत असं लिहायची: ‘उत्कृष्ट सेवा, वाजवी दर. एक समाधानी ग्राहक.’ खाली फुलांचा गुच्छ. एक दिवस पानठेल्यावरचा एक जण दुकानात आला आणि हसत म्हणाला, “वहिनी, हे तुमीच लिवता न?” मी लिहीत होते हे खरंच होतं. गिऱ्हाइकं खरी होती, त्यांचं समाधानही खरं होतं, पण शब्द माझे होते आणि ते साऱ्या गावाला कळत होतं.

त्यानंतर दोन ओलिताचे हंगाम गेले. आता आठवड्याला एकच पोस्ट टाकते आणि ती पाहून फोन येतात. ती कशी करते ते इथे क्रमाने सांगते. माझा धंदा मोटरचा, म्हणून उदाहरणं मोटरचीच येतील. तुमचं वेल्डिंगचं, रोपवाटिकेचं किंवा तिखट-हळदीचं काम असेल तर गिऱ्हाइकाच्या शंका वेगळ्या निघतील.

आधी शंकांची यादी, मग अभिप्राय

मी उलटं सुरू केलं होतं. आधी कौतुक गोळा केलं आणि मग त्याचं काय करायचं ते ठरवत बसले. खरं म्हणजे नवं गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढण्याआधी कशाला घाबरतं हे आधी माहीत हवं. ते शोधायला मी काही विशेष केलं नाही. एक महिनाभर वहीच्या मागच्या पानावर फोनवर आलेला प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा लिहिला. महिन्याच्या शेवटी बघितलं तर माणसं वेगवेगळी, पण प्रश्न फिरून फिरून चारच. तार तांब्याचीच भरता न, की अ‍ॅल्युमिनियमची? जुनं तांबं कुठं जाते? किती दिवस लागन, माझं पाणी अडलं आहे. आणि परत जळली तर?

मोटरच्या धंद्यात सगळ्यात जास्त संशय त्या जुन्या तांब्याचा. जळालेल्या मोटरमधून निघालेली तार भंगारात चांगल्या भावाने जाते आणि ती कोणाची, यावरून बऱ्याच ठिकाणी कुरबुर असते. आम्ही ती गिऱ्हाइकासमोर तोलतो. न्यायची असेल तर नेऊ देतो, नाही तर बिलातून तेवढे पैसे कमी करतो. हे आम्ही पहिल्यापासून करत होतो, पण माझ्या एकाही हिरव्या पट्टीवर ते कधी आलं नव्हतं, कारण ‘उत्कृष्ट सेवा’ या दोन शब्दांत ते बसतच नाही.

तेव्हा पहिलं काम हे. तुमच्या गिऱ्हाइकांच्या चार-पाच शंका त्यांच्या बोलीत लिहून काढा. यापुढे प्रत्येक अभिप्राय यातल्या एका शंकेचं उत्तर देतो का, एवढंच बघायचं. देत नसेल तर तो कितीही गोड असला तरी पोस्ट होत नाही. मनाला बरं वाटावं म्हणून जपून ठेवा.

कधी विचारायचं

बिल देताना विचारू नका. मी ही चूक पुष्कळ केली. माणूस मोटर गाडीत टाकत असतो, पैसे मोजत असतो, घरून पोराचा फोन आलेला असतो. त्या घडीला तो “बेस झालं” म्हणतो आणि निघतो. शिवाय त्याला अजून काहीच ठाऊक नसतं. दुकानात टेबलावर मोटर फिरली म्हणजे विहिरीवर पाणी ओढलं असं नव्हे.

आमच्याकडे खरा हिशोब पाण्याच्या पाळ्यांवर चालतो. गव्हाला साधारण वीस-वीस दिवसांनी पाणी लागतं, भारी जमिनीत थोडं लांबतं. पाच-सहा पाण्यांत पीक निघतं. मोटर नेल्यानंतर पहिल्या पाळीला माणूस धास्तावलेला असतो, हात लावून बघतो की गरम होते का. दुसरी पाळी पार पडली की धास्ती जाते आणि तरीही सगळं आठवणीत ताजं असतं. विचारायची वेळ ती. चौथ्या-पाचव्या पाण्यापर्यंत थांबलात तर मोटर जळली होती हेच तो विसरलेला असतो. त्या रात्री तो किती हैराण होता, कोणाकडून इंजिन मागून आणलं, हे काही तो मग सांगत नाही.

म्हणून मी बिलाच्या वहीत उजव्या बाजूला एक रकाना आखला आहे. त्यात पीक आणि फोन करायची तारीख लिहिते. ‘गहू, ५ एचपी, २ जानेवारी.’ हरभरावाल्याचं पाणीच एखाददुसरं, म्हणून त्याला एका पाण्यानंतरच विचारते. संत्र्याच्या बगिच्यावाल्याला महिनाभराने. बोअरमधल्या सबमर्सिबलला मात्र दीड महिना जाऊ देते. ती मोटर वर काढायला माणसं लावावी लागतात, पाइप उतरवावे लागतात. एवढ्या खटाटोपानंतर ती आठवडाभर चालली म्हणून कोणी कौतुक करत नाही आणि करूही नये.

कोणाला विचारू नये

ज्याची उधारी बाकी आहे त्याला अजिबात नाही. तो चांगलं बोलेल, पण त्याला नाही म्हणता येत नाही म्हणून बोलेल. गावाला उधारी माहीत असते. पोस्ट दिसली की दुसऱ्या दिवशी ठेल्यावर चर्चा: “याचे पैसे बाकी हायेत, म्हून बोलला.” आमच्या बाबतीत एकदा असं झालं आहे. पैसे तर राहिलेच, वर अभिप्रायही वाया गेला.

नातेवाइकांनाही टाळते. सख्ख्या मामेभावाची मोटर यांनी खरंच चांगली भरली होती, पण तो आमचा मामेभाऊ आहे हे आजूबाजूच्या दहा गावांना माहीत. इथे कायद्याचाही भाग आहे. जाहिरातीत कोणाचं मत दाखवायचं तर ते त्याचं खरं, अलीकडचं आणि स्वतःच्या अनुभवावरचं असावं, आणि लोकांना लक्षात येणार नाही असं काही नातं किंवा देणं-घेणं मध्ये असेल तर ते सांगावं, अशी मार्गदर्शक तत्त्वं ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२२ मध्ये आली आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. माझ्या स्टेटसपाशी कोणी दिल्लीहून येणार नाही हे मलाही कळतं. पण नियम शहाणा आहे. नातं असेल तर एक तर लिहा, नाही तर ती पोस्ट सोडा.

अभिप्रायाच्या बदल्यात काही देऊ नका. एका वर्षी मी बोलणाऱ्याला पुढच्या सर्व्हिसिंगमध्ये सूट ठेवली होती. तेव्हा जे आले ते बोलायला आले नव्हते, सूट घ्यायला आले होते.

फोनवर नेमकं काय म्हणायचं

वेळ सांभाळा. लाईन दिवसाची असेल तर माणूस दिवसभर वावरात असतो, रात्रीची असेल तर दुपारी झोपलेला असतो. मी संध्याकाळी सात ते आठच्या मध्ये करते. सुरुवात नेहमी मोटरच्या चौकशीने, आणि ती खोटी चौकशी नसते. काही बिघाड असेल तर तो तिथेच कळतो आणि मग अभिप्रायाचं नावही काढत नाही. आधी दुरुस्ती.

मोटर ठीक असेल तर पुढे तीन प्रश्न. पहिला: “मोटर जळाली तेव्हा वावरात काय चालू होतं?” दुसरा: “आमच्याकडे आणायच्या आधी मनात काय धाकधूक होती? खरं सांगा, राग नाही येत.” तिसरा: “आता कसं चालू आहे?” बस. “आमचं काम कसं वाटलं?” हा प्रश्न विचारायचाच नाही. त्याचं उत्तर जगात एकच आहे: “चांगलं वाटलं.” दुसरा प्रश्न मात्र विचारल्यावर गप्प बसायचं असतं. समोरचा थोडा चाचरतो, हसतो, आपल्याला वाटतं चला आपणच काहीतरी बोलावं. बोलू नका. चाचरण्यानंतर जे येतं तेच खरं असतं.

फोनवर सगळं लिहून घेता येत नाही, आणि कोणाचा फोन न सांगता रेकॉर्ड करणं मला पटत नाही. म्हणून बोलणं रंगलं की म्हणते, “काका, हेच जरा व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवाल का? लोकांना सांगायला मागते आहे. तुम्हाला दाखवल्याशिवाय टाकणार नाही.” लिहून पाठवा असं म्हणत नाही. लिहायला सांगितलं की माणूस एकदम अर्ज लिहायला बसतो: ‘आपल्या दुकानातून मिळालेली सेवा समाधानकारक…’ बोलताना तो स्वतःसारखा बोलतो.

एका काकांचं बोलणं आणि त्याची झालेली पोस्ट

मागच्या जानेवारीत एका काकांनी पाठवलेला आवाज मी शब्दाला शब्द उतरवून घेतला होता. नाव-गाव गाळून इथे देते:

“काय सांगू वहिनी, ते मोटर जयली तवा गव्हाचं पहिलं पानी चालू होतं. अर्धं वावर भिजलं, अर्धं तसंच. आदी एकदा भरून आनली होती मी, पन ते काई टिकली नाई. त्यायनं अल्युमिनियम भरलं होतं म्हने, तो अमका दुकानवाला हाये न, त्यानं. मले काय समजते त्यातलं. म्हून ह्या वक्ती मी तिथंच बसलो. भाऊनं जुनी तार काहाडली, माह्यासमोर तोलली, साडेतीन किलो भरली. म्हने, काका, वापस नेता का बिलात कापू? म्या म्हनलं, काप. तिसऱ्या दिवशी मोटर नेली. आता दोन पानी झाले गव्हाले. आवाज बी कमी येते. आता पाच वर्स काई होत नाई तिले. आन् पोराचं लगन हाये मार्चात, यायचं बरं का.”

आता यातून काय ठेवायचं? आधी काय काढलं ते सांगते, कारण खरी कसरत तिथे आहे.

दुसऱ्या दुकानाचं नाव काढलं. इथे ‘अमका’ लिहिलं आहे, आवाजात पूर्ण नाव होतं. पहिल्या वर्षी मी अशीच एक आवाजाची चिठ्ठी न ऐकता पुढे पाठवली होती. तिच्यात तालुक्यातल्याच एका मिस्त्रीचं नाव निघालं आणि दोन महिने बाजारात नजर चुकवून चालावं लागलं. तेव्हापासून पूर्ण ऐकल्याशिवाय काही बाहेर जात नाही. अ‍ॅल्युमिनियमचं वाक्यही काढलं, कारण ती मोटर आधी कोणी काय भरून दिली होती हे काकांनी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. ‘आदी भरून आनली ते टिकली नाई’ एवढं मात्र ठेवलं. काकांनी ती दूर दुसऱ्या तालुक्यात भरून घेतली होती. आमच्याच गावात भरली असती तर हेही काढलं असतं. गावात वाइंडिंगची दुकानं मोजून तीन. नाव घेतलं नाही तरी लोक बरोबर ओळखतात.

‘पाच वर्स काई होत नाई’ हे सगळ्यात गोड वाक्य, आणि तेच सगळ्यात आधी काढलं. आमच्या बिलावर सहा महिन्यांची गॅरंटी लिहिली आहे, तीही फक्त वाइंडिंगची. उद्या कोणी ती पोस्ट फोनमध्ये दाखवून म्हटलं की तुम्हीच पाच वर्षं लिहिलं होतं, तर काय उत्तर द्यायचं? गिऱ्हाइकाने प्रेमाने केलेला दावा आपण छापला की तो आपला दावा होतो. खाण्यापिण्याच्या वस्तू विकणाऱ्या बायांनी तर हे फारच सांभाळावं. कोणी म्हणतं तुमच्या हळदीने गुडघा बरा झाला, कोणी म्हणतं जवसाच्या तेलाने शुगर उतरली. त्यांचा अनुभव असेल, पण आजार बरा होतो असं छापलं की मामला औषधाच्या कायद्यात जातो. चव, रंग, किती दिवस टिकलं, एवढ्यावरच थांबा.

उरलं त्यातून ही पोस्ट झाली:

“आदी एकदा भरून आनली होती, ते काई टिकली नाई. म्हून ह्या वक्ती मी तिथंच बसलो. भाऊनं जुनी तार माह्यासमोर तोलली, साडेतीन किलो भरली. म्हने, काका, वापस नेता का बिलात कापू? आता दोन पानी झाले गव्हाले.”

खाली त्यांचं नाव, गाव, आणि ‘५ एचपी मोनोब्लॉक, डिसेंबरात भरली’. त्याखाली आमची एकच ओळ: ‘जुनी तार गिऱ्हाइकासमोर तोलतो. बसायला खुर्ची आहे.’

मी यात एकही शब्द घातला नाही, फक्त कापले. हा नियम मी मोडत नाही. दोन वाक्यं जोडताना मधलं वगळलं तरी चालतं, पण जोडल्याने अर्थ फिरत असेल तर नाही. काकांनी तिसऱ्या दिवशी मोटर नेली हे खरं होतं, तरी तेही वगळलं. एका पोस्टने एकाच शंकेला हात घालावा. तांब्याची शंका आणि दिवसांची शंका एकत्र आल्या की वाचणाऱ्याच्या मनात दोन्ही अर्ध्याच राहतात. ‘तिसऱ्या दिवशी’ हे दुसऱ्या कोणाच्या पोस्टमध्ये येईल. अडलेलं पाणी हीच ज्याची गोष्ट आहे, त्याच्या.

सुरुवात कुठून करायची हे शिकायला मला वेळ लागला. आधी मी नेहमी शेवटचं कौतुक वर घ्यायची: ‘दोन पाणी झाले, मोटर मस्त!’ आता धाकधुकीचं वाक्य वर ठेवते. वाचणाऱ्याच्या मनात तीच धाकधूक असते, तो तिथे थांबतो आणि पुढचं वाचतो.

आणि बोली. मी शिकलेली, म्हणून सुरुवातीला ‘जयली’चं ‘जळाली’ आणि ‘माह्यासमोर’चं ‘माझ्यासमोर’ करायची. वाटायचं, काकांचा मान राहील. एकदा एका गिऱ्हाइकाने पोस्ट पाहून स्वतःच विचारलं, “हे मी कवा बोललो?” आता बोली तशीच ठेवते. एक मात्र बघते, की ती वाचून त्या माणसाची थट्टा तर होणार नाही ना. कोणी दारूचा किंवा बायकोचा विनोद केला असेल तर तो जातो. सातशेच्या आत अक्षरं बसली पाहिजेत, व्हॉट्सअ‍ॅपच्या लिखित स्टेटसची मर्यादा तेवढीच आहे. पण खरं सांगायचं तर पाच ओळींपुढे कोणी वाचत नाही.

परवानगी

पोस्ट तयार झाली की जशी जाणार तशी, फोटोसकट, त्यांना पाठवते आणि लिहिते: ‘काका, हे स्टेटसला आणि फेसबुक पेजवर टाकू का? नाव-गाव राहू देऊ का? काही बदलायचं असेल तर सांगा.’ उत्तरात ‘हो’ येईपर्यंत टाकत नाही. तो ‘हो’ तारांकित करून ठेवते, म्हणजे वर्षाने शोधता येतो. स्टेटसला हो म्हटलं म्हणजे दुकानाबाहेर बॅनर लावायलाही हो म्हटलं असं धरू नका, ते पुन्हा विचारा. आणि कोणी नंतर म्हटलं की काढा, तर कारण न विचारता काढा.

फोन नवऱ्याचा असतो, शेती बाई बघते, असं आमच्याकडे पुष्कळ आहे. अशा वेळी मी बाईलाच विचारते. एक ताई नाव द्यायला तयार नव्हत्या, त्यांचं लिहिलं ‘अमुक गावच्या एक शेतकरी ताई’. नाव नसलं तरी गाव, पीक आणि मोटर लिहिली की पोस्ट उभी राहते.

फोटोत काय दिसतं

माणसाचा फोटो असेल तर उत्तम, पण नसला तरी चालतो. मोटरचा, विहिरीचा, तोलकाट्यावर ठेवलेल्या तारेचा फोटो तांब्याच्या शंकेला माणसाच्या चेहऱ्यापेक्षा जास्त कामाचा. फोटो गिऱ्हाइकाने पाठवलेला असेल तर टाकण्याआधी तो बोटांनी मोठा करून कोपरा न् कोपरा बघा. एकदा एका फोटोत मोटर सुंदर दिसत होती आणि मागे तारेवर टाकलेला आकडा त्याहून स्पष्ट दिसत होता. तो फोटो गेला असता तर गिऱ्हाईक वीजचोरीत अडकलं असतं, तेही आमच्या जाहिरातीमुळे.

असंच एचपीचं. पुष्कळांची मंजुरी पाचची असते आणि विहिरीत साडेसातची बसवलेली असते. ते त्यांचं आणि वीज कंपनीचं. माझ्या पोस्टमध्ये तो आकडा मी गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय लिहीत नाही. फोटोत मोटरची पाटी दिसत असेल तर तेवढा भाग झाकते.

टाकायचं कुठे

स्टेटस ज्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह आहे आणि ज्यांचा तुमच्याकडे आहे, त्यांनाच दिसतं. हे मला सहा महिने माहीत नव्हतं. चारशे गिऱ्हाइकं आणि स्टेटस बघणारे चाळीस, म्हणून मी पोस्टलाच दोष देत होते. आता बिलाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते आणि सांगते, “गॅरंटी या नंबरवर आहे, सेव्ह करून ठेवा.” मी त्यांचा नंबर गावाच्या नावाने सेव्ह करते. ब्रॉडकास्ट यादीचंही तसंच, नंबर सेव्ह नसेल तर संदेश पोचत नाही, आणि एका यादीत २५६ माणसं बसतात. ब्रॉडकास्ट मी ओलिताच्या तोंडावर एकदाच वापरते. रोज पाठवलं की लोक ब्लॉक करतात.

स्टेटस चोवीस तासांत जातं. म्हणून चांगली पोस्ट मी दोन-तीन महिन्यांनी त्याच तारखेच्या उल्लेखासह पुन्हा टाकते. ‘डिसेंबरात भरली’ हे शब्द तसेच ठेवते, जुनी गोष्ट ताजी करून दाखवत नाही.

गुगलचं गणित वेगळं आहे. तिथे फक्त खूश गिऱ्हाइकांनाच निवडून विचारणं आणि बदल्यात काही देणं, दोन्ही नियमात बसत नाही. प्रोफाइलमधल्या `Ask for reviews` वरून लिंक मिळते, ती मी प्रत्येक बिलासोबत जाऊ देते, रागावलेल्यालाही. स्टेटसवर काय दाखवायचं ते मी निवडते. गुगलवर काय लिहायचं ते लोक निवडतात.

पोस्टमधली मोटर जळाली तर

हे होणार, धरून चाला. मागच्या फेब्रुवारीत झालं. ज्या गिऱ्हाइकाचं बोलणं मी जानेवारीत टाकलं होतं, त्याचीच मोटर जळाली आणि त्याने त्यांच्या गावच्या ग्रुपवर आवाज टाकला: “स्टेटसवर लय बोलत होते, आता या म्हना.” मला तो आवाज तीन जणांनी पाठवला.

ग्रुपवर मी काहीच लिहिलं नाही. त्याला सरळ फोन केला आणि मोटर घेऊन यायला सांगितलं. फेसबुक पेजवर त्याची पोस्ट होती, ती त्याच संध्याकाळी बाजूला ठेवली, कारण ‘आता चांगली चालू आहे’ हे त्या दिवशी खरं नव्हतं. मोटर त्याच्यासमोर उघडली. दोन फेजच्या कॉइल काळ्या पडलेल्या आणि तिसऱ्या फेजची तार नव्यासारखी. स्टार जोडणीच्या मोटरला असं दिसलं की मिस्त्री लगेच ओळखतो: एक फेज गेली, उरलेल्या दोन फेजवर सगळा भार आला, करंट वाढला आणि त्या दोन जळाल्या. यात भरण्याचा दोष नसतो. अशा वेळी मोटर बंद पाडायला स्टार्टरमध्ये प्रिव्हेंटर असतो. त्याला विचारलं तर थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “सारखा ट्रिप होत होता, म्हून डायरेक्ट केला.”

गॅरंटीत ते बसत नव्हतं. तारेचे पैसे घेतले, मजुरी यांनी निम्मी केली. मी त्याला विचारलं, या कॉइलचा फोटो टाकू का, नाव नाही टाकत. तो हो म्हणाला. त्या आठवड्याचं स्टेटस म्हणजे तो फोटो आणि त्याचं एक वाक्य: “ट्रिप होत होता म्हून डायरेक्ट केला.” खाली आमची ओळ: ‘दोन काळ्या, एक साफ. फेज गेली होती. प्रिव्हेंटर डायरेक्ट करू नका.’ त्या एका स्टेटसवर जितके फोन आले तितके कौतुकाच्या कुठल्याच पोस्टवर आले नव्हते. निम्मे लोक प्रिव्हेंटर तपासून घ्यायला बोलवत होते.

त्याची जुनी पोस्ट अजून बाजूलाच आहे. वहीत त्याच्या नावापुढे लिहून ठेवलं आहे: ‘गहू निघाला. पुढच्या ओलितात, दुसऱ्या पाण्यानंतर फोन.’